तिसऱ्या प्रश्नाला टिकणारं उत्तर

सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा सोपा असतो. ‘रूढी म्हणजे काय?’ एलएल.एम.चा कुठलाही विद्यार्थी याचं उत्तर देतो. दुसरा प्रश्नही निभावतो : ‘एखादा निवाडा सांगा.’ खटल्याचं नाव आठवतं, सालही आठवतं. अडतं ते तिसऱ्या प्रश्नाला : ‘त्या खटल्यात न्यायालयाला ती रूढी नेमकी कशात दिसली?’ इथे पाठांतर संपतं आणि खोलीत शांतता पसरते. परीक्षक गुण देतात ते या तिसऱ्या प्रश्नावर. म्हणून आठ आठवड्यांची आखणी करताना विषय किती संपवायचा यापेक्षा उत्तर कितव्या प्रश्नापर्यंत टिकवायचं, याचा विचार आधी करावा लागतो.

हा तिसरा प्रश्न या विषयाच्या स्वभावातूनच येतो. देशाच्या आतल्या कायद्याला संसद असते, पोलीस असतात, आणि समन्स निघालं की हजर व्हावंच लागेल असं न्यायालय असतं. देशादेशांमधल्या कायद्यात यातलं काहीच तयार मिळत नाही. तिथे कोणताही नियम सांगितला की दोन शंका लगेच उभ्या राहतात : हा नियम आला कुठून, आणि या विशिष्ट देशाला तो लागू का? हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं कलम ३८ पहिल्या शंकेचं उत्तर देतं. तह-करार, रूढी आणि कायद्याची सर्वसाधारण तत्त्वं हे नियमांचे उगम; न्यायालयांचे निवाडे आणि विद्वानांचे ग्रंथ हे तो नियम ओळखण्याची दुय्यम साधनं. परीक्षक समुद्राबद्दल विचारोत, युद्धाबद्दल विचारोत की राजदूतांबद्दल, दोन-तीन पावलांत ते कलम ३८वर परत येतात. आठही आठवडे याच धाग्यावर ओवले तर विषय आवाक्यात येतो.

सामग्री जाणूनबुजून थोडी ठेवावी. मूळ दस्तऐवज चार : संयुक्त राष्ट्रांची सनद, न्यायालयाची संविधी, तहांच्या कायद्याविषयीचा १९६९चा व्हिएन्ना करार आणि राज्यांच्या जबाबदारीविषयीची आंतरराष्ट्रीय विधी आयोगाची २००१ची कलमं. माल्कम शॉ किंवा ब्राउनली यांच्यापैकी एकच ग्रंथ, तोही संदर्भासाठी. आणि निवाडे बारा, त्याहून जास्त नाहीत. दिवसभर एखाद्या वकिलांकडे काम करून संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्याला रोजचे तीन तास मिळतात असं धरलं, तर सुरुवातीला अडीच तास वाचन आणि अर्धा तास मोठ्यानं बोलणं अशी विभागणी असावी. दर आठवड्याला वाचन कमी होत जावं, बोलणं वाढत जावं. सातव्या आठवड्यात हे प्रमाण उलटं झालेलं असलं पाहिजे.

पहिला आठवडा कलम ३८ आणि कलम ५९ यांना द्यावा. कलम ५९ सांगतं की न्यायालयाचा निर्णय त्या खटल्यातल्या पक्षकारांपुरता आणि त्या खटल्यापुरताच बंधनकारक असतो. आपल्याकडचे विद्यार्थी इथे हमखास घसरतात, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. भारतीय संविधानाच्या कलम १४१खाली सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. पाच वर्षं ती सवय मुरलेली असते. मग तोंडी परीक्षेत सहज वाक्य निघतं, ‘हेगच्या न्यायालयानं ठरवलं म्हणून हा नियम आहे.’ परीक्षक थांबवतात. बरोबर वाक्य असं : नियम रूढीचा आहे, आणि तो रूढीत आहे हे न्यायालयानं अमुक निवाड्यात दाखवून दिलं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक निवाड्याबद्दल हे दुसरं वाक्य तोंडातून आपोआप यायला लागलं, तर आठवडा कारणी लागला असं समजावं.

प्रत्येक निवाड्यासाठी कागदाची एकच बाजू वापरावी. त्यावर पाच गोष्टी : कोणी कोणाविरुद्ध दावा केला, न्यायालयाला अधिकार कशामुळे मिळाला, वाद नेमका काय होता, कोणता नियम कुठून काढला, आणि हरलेल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा काय होता. पाचवी ओळ विद्यार्थी गाळतात. तिसरा प्रश्न येतो तो बहुतेक वेळा त्याच ओळीतून.

दुसरा आठवडा रूढीचा. त्यासाठी मराठी विद्यार्थ्यानं पोर्तुगाल विरुद्ध भारत हा भारतीय प्रदेशातून जाण्याच्या हक्काचा खटला घ्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. त्यातला भूगोल आणि इतिहास आपल्या घराजवळचा आहे, आणि एका खटल्यात रूढी, तह, सार्वभौमत्व आणि न्यायालयाचा अधिकार हे सगळं सापडतं.

दमण समुद्रकाठी. दादरा आणि नगर हवेली आत, चहूबाजूंनी भारतीय प्रदेश. दमणहून तिथे जायचं तर पोर्तुगीजांना भारतातूनच जावं लागे. १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्तिसैनिकांनी हे दोन्ही भाग पोर्तुगीज अमलातून सोडवले. सुधीर फडके त्या मोहिमेत होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. भारतानं पोर्तुगीज अधिकाऱ्यांची वाट रोखली. पोर्तुगाल हेगला गेला. आम्हाला आमच्या मुलखात जाण्याचा हक्क आहे, आणि तो भारतानं मोडला, हा त्याचा दावा. अंतिम निवाडा १२ एप्रिल १९६०ला लागला. भारतातर्फे नेमलेले खास न्यायाधीश होते मो. क. छागला.

आता परीक्षेच्या खोलीत हा खटला कसा उलगडतो ते पाहू. परीक्षक विचारतात, ‘रूढी सगळ्या जगाची असते. दोनच देशांमध्ये ती असू शकते का?’ विद्यार्थिनी उत्तर देते, ‘असू शकते, सर. या खटल्यात भारताचा आक्षेप नेमका हाच होता. न्यायालयाचं म्हणणं असं की, दीर्घकाळ चाललेली प्रथा दोन देशांनी आपापसातल्या संबंधांचा नियम म्हणून स्वीकारली असेल, तर त्यातून हक्क आणि कर्तव्यं निर्माण न होण्याचं कारण नाही.’

‘मग पोर्तुगालला हक्क मिळाला?’

‘अर्धा मिळाला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता मिळाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं-दारूगोळा यांच्यापुरता नाही.’

इथे तिसरा प्रश्न येतो. ‘वाट तीच, देश तेच, वर्षं तेवढीच. मग एकाला हक्क आणि दुसऱ्याला नाही, असा फरक कशावरून केला?’

ज्यानं फक्त निकाल पाठ केला आहे तो इथे थांबतो. ज्यानं निवाडा वाचला आहे त्याला माहीत असतं की, सव्वाशे वर्षं मुलकी अधिकारी आणि माल नेहमीच्या देखरेखीखाली, पण अडवणूक न होता ये-जा करत होता. इंग्रजांचं राज्य गेलं, स्वतंत्र भारत आला, तरी तो क्रम चालू राहिला. सैन्याची गोष्ट निराळी होती. ब्रिटिश काळापासून सशस्त्र दलांना जाण्यासाठी परवानगी मागावी लागे. जिथे परवानगी मागितली जाते तिथे हक्क नसतो, देणाऱ्याची मर्जी असते. रूढीचा जो दुसरा घटक पुस्तकात ‘ऑपिनिओ ज्युरिस’ या लॅटिन नावानं येतो, म्हणजे एखादी गोष्ट कायद्यानं बांधलेले आहोत म्हणून करण्याची जाणीव, तो मनात डोकावून शोधायचा नसतो. तो अशा परवान्यांच्या अर्जांवरून वाचता येतो. रूढीचं अख्खं प्रकरण या एका उदाहरणावर उभं करता येतं.

चौथा प्रश्नही तयार ठेवावा : मुलकी अधिकाऱ्यांना हक्क होता, भारतानं त्यांना अडवलं, तरी भारत दोषी का ठरला नाही? कारण तो हक्क भारताच्या नियमनाच्या आणि नियंत्रणाच्या अधीन होता. दादऱ्यातली पोर्तुगीज सत्ता उलथल्यावर आजूबाजूच्या प्रदेशात तणाव होता, आणि त्या परिस्थितीत वाट थांबवणं हे नियमनाच्या अधिकारात बसतं, असं न्यायालयानं नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरवलं. सहा न्यायाधीशांना सगळं पटलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं. परीक्षक अल्पमताची बाजू घेऊन बोलू लागले तर घाबरण्याचं कारण नाही.

याच निवाड्यात पुण्याचा १७७९चा तह येतो. पेशव्यांनी पोर्तुगीजांना काही गावं दिली होती. म्हणजे सार्वभौमत्वच दिलं, आणि त्यासोबत वाटेचा हक्कही आला, असं पोर्तुगालचं म्हणणं. न्यायालयानं तहाचा मजकूर आणि १७८३ व १७८५च्या सनदा तपासून ठरवलं की मराठ्यांनी जहागीर किंवा सरंजाम दिला होता, म्हणजे महसुलाचा लाभ. गावांवरचं राज्य दिलं नव्हतं. मात्र मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी आणि पुढे भारतानंही त्या गावांवरची पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मान्य केल्यासारखीच होती, हेही न्यायालयानं नोंदवलं. आणखी एक मुद्दा : अठराव्या शतकातला तह वैध होता की नाही हे नंतर घडत गेलेल्या पद्धतींच्या मोजपट्टीनं ठरवायचं नसतं. त्या काळच्या कायद्यानं त्या काळच्या कृतीचं माप, हे तत्त्व पुस्तकात कोरडं वाटतं. पेशवाईच्या कागदांवर ते लागू झालेलं पाहिलं की विसरत नाही.

या खटल्याला जोड म्हणून १९५०चा कोलंबिया विरुद्ध पेरू हा आश्रयाचा खटला वाचावा. तिथे लॅटिन अमेरिकेतली प्रादेशिक रूढी सिद्ध झाली नाही, कारण देशांचं वागणं परस्परविरोधी आणि अनिश्चित होतं. एक खटला जमलेला, एक फसलेला. दोन्ही शेजारी ठेवले की रूढी कशानं बनते आणि कशानं बनत नाही, हे बोलून दाखवता येतं.

तिसरा आठवडा तहांचा. व्हिएन्ना कराराची सगळी कलमं घोकण्यात वेळ जातो. कलम २६, ३१, ३२, ५३ आणि ६२ नीट आली तर बहुतेक प्रश्न पेलतात. पण एक प्रश्न भारतीय विद्यार्थ्याला विचारला जातोच : भारत या कराराचा पक्षकार आहे का? नाही. मग भारताच्या खटल्यात कलम ३१ कसं वापरतात? या कलमातले अर्थ लावण्याचे नियम रूढीतही आहेत म्हणून. पुन्हा कलम ३८. या आठवड्यात कोणत्याही एका तहाचं एक कलम घेऊन शब्दांचा नेहमीचा अर्थ, संदर्भ आणि तहाचा हेतू या तीन पायऱ्यांनी त्याचा अर्थ मोठ्यानं लावून पाहावा. पुढच्या आठवड्यासाठी वकिलातींच्या संबंधांविषयीच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ घेतलं तर दोन कामं एकदम होतात.

चौथा आठवडा न्यायालयाच्या अधिकाराचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. विद्यार्थी थेट निकालाकडे धावतात. पण या न्यायालयात कोणत्याही देशाला त्याच्या संमतीशिवाय खेचता येत नाही, त्यामुळे ‘खटला तिथे पोचलाच कसा’ हा अर्धा खटला असतो.

पोर्तुगालचं उदाहरण इथे पुन्हा उपयोगी पडतं. पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला १४ डिसेंबर १९५५ला. न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मान्य असल्याचं निवेदन संविधीच्या कलम ३६(२)खाली त्यानं दिलं १९ डिसेंबरला. आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल! भारतानं त्याच अधिकाराला आधीच मान्यता दिलेली होती. पण पोर्तुगालच्या निवेदनाची प्रत हाती पडण्याआधीच खटला उभा राहिला होता. हे अन्याय्य आहे, हा भारताचा प्राथमिक आक्षेप न्यायालयानं १९५७ साली फेटाळला. निवेदन जमा केलं त्या क्षणापासून ते लागू होतं. भारतानं यातून घेतलेला धडा १९७४च्या निवेदनात दिसतो : दावा लावण्याआधी बारा महिन्यांच्या आत ज्या देशानं निवेदन दिलं असेल, त्याच्याशी असलेला वाद वगळलेला आहे.

त्याच निवेदनात आणखी एक अपवाद होता : राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद. १० ऑगस्ट १९९९ला कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं गेलं आणि पाकिस्तान हेगला गेला, तेव्हा भारतानं हाच अपवाद पुढे केला. जून २००० मध्ये न्यायालयानं आपल्याला अधिकार नाही असं सांगून प्रकरण तिथेच संपवलं.

आता कुलभूषण जाधव खटला हाती घ्यावा. १० एप्रिल २०१७ला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं जाधवांना फाशी सुनावल्याचं जाहीर झालं आणि ८ मेला भारतानं हेगमध्ये अर्ज केला. कलम ३६(२)चा रस्ता पाकिस्तानविरुद्ध वापरता येणार नव्हता. आपणच उभी केलेली भिंत उलट बाजूनंही तितकीच उंच असते, कारण हे सगळं परस्परतेवर चालतं. म्हणून भारतानं वकिलातींच्या कराराला जोडलेला ऐच्छिक मसुदा पुढे केला. या कराराचा अर्थ आणि अंमल यावरून उठणारे वाद न्यायालयाकडे जातील, असं मान्य करणारा हा स्वतंत्र दस्तऐवज, आणि दोन्ही देश त्याचे पक्षकार होते.

या एका निवडीनं खटल्याची लांबी-रुंदी ठरली. ‘लष्करी न्यायालयातली सुनावणी न्याय्य नव्हती, नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा भंग झाला, हे न्यायालयानं का तपासलं नाही?’ असा प्रश्न आला तर उत्तर तयार असतं : ऐच्छिक मसुद्यानं दिलेला अधिकार वकिलातींच्या करारापुरताच होता. त्या चौकटीत मात्र भारताची बाजू पक्की ठरली. पाकिस्ताननं जाधवांना त्यांच्या हक्कांची माहिती दिली नाही. ३ मार्च २०१६ला अटक केल्याचं त्याचंच म्हणणं असताना भारताला कळवलं २५ मार्चला. आणि भारतीय अधिकाऱ्यांना भेट नाकारली. हेरगिरीचा आरोप असलेल्याला हे संरक्षण नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद टिकला नाही, कारण कलम ३६मध्ये तसा अपवादच नाही. दोन देशांमधल्या २००८च्या समझोत्यात राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणावरून झालेल्या अटकेची वेगळी तरतूद होती. हा पाकिस्तानचा सर्वांत भक्कम मुद्दा, पाचव्या ओळीत लिहिण्याजोगा. न्यायालयानं उत्तर दिलं की मूळ कराराला पूरक ठरणारे किंवा तो विस्तारणारे समझोते करता येतात, त्यातले हक्क काढून घेणारा अर्थ २००८च्या समझोत्याला देता येत नाही.

निकाल १७ जुलै २०१९चा, पंधरा विरुद्ध एक. पण भारतानं मागितलं होतं की लष्करी न्यायालयाचा निर्णय रद्द करावा आणि जाधवांना सोडावं. ते मिळालं नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, मार्ग तुम्ही निवडा, आणि तोवर फाशीला स्थगिती, असा आदेश झाला. अमेरिकेविरुद्धच्या जर्मनी आणि मेक्सिकोच्या खटल्यांत, म्हणजे २००१च्या लाग्रांड आणि २००४च्या अव्हेना निवाड्यांत, न्यायालयानं जो उपाय दिला होता त्याच वळणाचा हा उपाय. ‘भारत जिंकला, जाधव निर्दोष ठरले’ असं उत्तर देणाऱ्यानं वर्तमानपत्राचा मथळा वाचला आहे, निवाडा नव्हे, हे परीक्षकाला लगेच कळतं.

इथे कलमांच्या आकड्यांचा एक सापळा आहे. संविधीचं कलम ३६ न्यायालयाच्या अधिकाराचं, वकिलातींच्या कराराचंही कलम ३६ अटकेतल्या परदेशी नागरिकाच्या हक्कांचं. जाधव खटल्यात दोन्ही बोलण्यात येतात. पुढे तसंच कलम ५१चं : सनदेतलं स्वसंरक्षणाचं, भारतीय संविधानातलं आंतरराष्ट्रीय शांततेचं. म्हणून कलमाचा आकडा उच्चारण्याआधी दस्तऐवजाचं नाव घ्यायची सवय चौथ्या आठवड्यातच लावावी.

पाचव्या आणि सहाव्या आठवड्यांचा वेग वाढवायला हरकत नाही, कारण धागा हाती आलेला असतो. पाचव्यात आंतरराष्ट्रीय कायदा आणि भारतीय न्यायालयं. सरकारनं तहावर सही केली म्हणून देशातला कायदा बदलत नाही; त्यासाठी संविधानाच्या कलम २५३खाली संसदेनं कायदा करावा लागतो. भूभाग द्यायचा तर संविधानदुरुस्तीच हवी, हे १९६०च्या बेरुबारी प्रकरणातून आलं. आणि देशातल्या कायद्यात पोकळी असेल, विरोध नसेल, तर न्यायालय तहाचा आधार घेऊ शकतं. १९९७च्या विशाखा निवाड्यात महिलांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराचा तसा आधार घेतला गेला. सहाव्यात बळाचा वापर आणि राज्यांची जबाबदारी. त्यासाठी १९८६चा निकाराग्वा खटला एकटा पुरतो, पण त्यातला तिसरा प्रश्न पकडला पाहिजे : सनदेत बळाच्या वापराला बंदी स्पष्ट लिहिलेली असताना न्यायालयानं रूढीचा आधार का घेतला? कारण अमेरिकेनं आपल्या निवेदनात बहुपक्षीय तहांवरचे वाद वगळले होते. सनदेची वाट बंद झाली, तेव्हा न्यायालयानं तोच नियम रूढीतही स्वतंत्रपणे जिवंत आहे असं दाखवलं. राज्यांच्या जबाबदारीच्या २००१च्या कलमांबद्दलही हेच विचारतात. तो तह नाही. मग त्याचं बळ कशात? त्यातली बरीच कलमं रूढीचं प्रतिबिंब मानली जातात, आणि कोणतं कलम त्यात बसतं हे एकेकट्यानं दाखवावं लागतं.

सातव्या आठवड्यात नवं वाचन बंद. दोन मित्रांना परीक्षक म्हणून समोर बसवावं, बारा कागदांतला एक त्यांनी उचलावा आणि वीस मिनिटं विचारत राहावं. त्यांना सूचना एकच : उत्तर बरोबर आलं तरी ‘कशावरून?’ विचारायचं. हे फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावं. ऐकताना तीन जागा तपासाव्यात. पहिलं वाक्य प्रश्नाचं उत्तर आहे की प्रस्तावना? ‘असं मानलं जातं’ म्हटलं, पण कोण मानतं हे सांगितलं का? आणि ‘न्यायालयानं म्हटलं’नंतर खटल्यातली एखादी घटना आली, की पुस्तकातलं वाक्य आलं? तिसरी जागा सर्वांत बोलकी असते. घटना आठवत नसेल तर तो निवाडा पुन्हा वाचावा, फक्त तेवढाच.

परीक्षा इंग्रजीत असते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना भीती वाटते ती भाषेची. माझा अनुभव असा की भाषा अडते त्याहून जास्त वेळा विचाराचा क्रम अडतो. म्हणून खटला आधी घरच्या कुणाला तरी मराठीत सांगावा, कायद्याचा एकही शब्द न वापरता. आईला किंवा धाकट्या भावाला पोर्तुगीजांच्या सैन्याला वाट का मिळाली नाही हे समजलं, की मग तीच गोष्ट छोट्या इंग्रजी वाक्यांत सांगायची.

आठवा आठवडा हलका. रोज दोन कागद, आणि प्रत्येक जुन्या निवाड्याला एक प्रश्न : हा वाद आज आला असता तर? जाण्याच्या हक्काचा निवाडा एप्रिल १९६०चा. वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा महासभेचा ठराव १५१४ त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. स्वयंनिर्णयाचा हक्क त्यानंतर रूढीत पक्का झाला, आणि शागोस बेटांवरच्या २०१९च्या सल्लादायी मतात न्यायालयानं त्याचा विस्तारानं विचार केला. दादऱ्यातल्या लोकांनी सत्ता झुगारल्यावर पोर्तुगालला तिथे जाण्याचा हक्क आज मागता आला असता का, यावर पाच मिनिटं दोन्ही बाजूंनी बोलता आलं पाहिजे.

राहिली गोष्ट न वाचलेल्या खटल्याची. तो येतोच. अशा वेळी ‘मी हा निवाडा वाचलेला नाही’ हे सरळ सांगावं आणि परीक्षकांकडे घटना मागाव्यात. बहुतेक परीक्षक आनंदानं सांगतात. समजा त्यांनी एनरिका लेक्सीचं प्रकरण काढलं : २०१२ साली केरळच्या किनाऱ्यापलीकडे इटलीच्या तेलवाहू जहाजावरल्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले, आणि वाद सागरी कायद्याच्या कराराखालच्या लवादाकडे गेला. विद्यार्थिनीनं कागदावरच्या पाच ओळी मनात उघडाव्यात. पक्षकार इटली आणि भारत. अधिकार सागरी कायद्याच्या करारातून. वाद हा की खटला चालवायचा कोणी. नौसैनिक सरकारी कामावर असतील तर त्यांना परदेशी न्यायालयापासून मुक्तता मिळते, आणि हा नियम रूढीचा. ‘पण सागरी कायद्याच्या करारात या मुक्ततेचा नियम नाही,’ परीक्षक म्हणतील, ‘मग लवादाला त्यावर बोलायचा अधिकार कुठून आला?’ तिनं सांगावं की मूळ वाद सोडवताना आनुषंगिक म्हणून या प्रश्नाला हात घालावा लागतो, असा युक्तिवाद करता येईल. आणि संमती दिली होती ती करारापुरतीच, असं भारत म्हणू शकेल. लवादातही मतं याच जागी फुटली. २०२०चा निर्णय मुक्ततेच्या बाजूनं गेला, तीन विरुद्ध दोन.